कूलर दुरुस्तीचं दुकान आणि होळीनंतरचा महिना: पैसे न घालता रील-फोटोंची आखणी

खान्देशात कूलरवाल्याचा धंदा विचित्र वेळापत्रकाने चालतो. होळी पेटते तेव्हा दुपारचं ऊन टोचायला लागलेलं असतं, पण लोक अजून पंख्यावर भागवत असतात. मिस्त्री दुकानात बसून असतो. मग पाडवा होतो, पारा चढतो आणि एका आठवड्यात सगळ्या गावाला एकदम आठवतं की माळ्यावर ठेवलेला कूलर खाली काढायचाय. त्या दिवसांत फोन थांबत नाही. आखाजीला लेकी-नातवंडं माहेरी यायच्या आत कूलर चालू हवा असतो आणि मिस्त्रीचे हात दोनच असतात. निम्मी गिऱ्हाइकं वाट बघून दुसऱ्याकडे जातात.

म्हणून अशा दुकानासाठी सोशल मीडियाचा महिना आखताना ‘जास्तीत जास्त लोकांनी बघावं’ हे उद्दिष्ट ठेवणं मला चुकीचं वाटतं. एप्रिलच्या गर्दीतलं थोडं काम ओढून मोकळ्या दिवसांत आणायचं, एवढं एकच उद्दिष्ट ठेवा. तसं केलं की काय टाकायचं, कधी टाकायचं आणि कधी थांबायचं हे आपोआप ठरत जातं.

एक दुकान समोर धरू. अमळनेरमधला एक मिस्त्री, हाताखाली एक भाचा, एक मोटारसायकल आणि ठीकठाक कॅमेऱ्याचा एक अँड्रॉइड फोन. जाहिरातीला पैसे नाहीत. दिवसाला पाच-सहा घरी जाता येतं, त्यापेक्षा जास्त नाही. आखणीचा महिना फाल्गुन पौर्णिमेपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत, म्हणजे होळी ते हनुमान जयंती. पाडवा बरोबर मध्ये येतो आणि आखाजी या महिन्यानंतर साधारण १८ दिवसांनी.

पहिलं काम कॅमेऱ्याचं नाहीच, जुन्या बिलबुकांचं आहे. मागच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ज्यांच्या घरी गेलो त्यांचे नंबर त्यात आहेत. कूलर दरवर्षी बिघडतो, त्यामुळे ही माणसं अनोळखी प्रेक्षकांपेक्षा कितीतरी मोलाची. त्यांच्यापर्यंत फुकट पोहोचायची जागा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. पण त्याची एक अट बऱ्याच दुकानदारांच्या लक्षात येत नाही. तुमचं स्टेटस समोरच्याला तेव्हाच दिसतं, जेव्हा त्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह असतो आणि तुमचाही नंबर त्याच्याकडे सेव्ह असतो. एक बाजू सुटली की स्टेटस त्याच्यापर्यंत जात नाही. रोज मेहनतीने स्टेटस टाकायचं आणि बघणारे वीसच, त्यातले बारा नातेवाईक, असं होतं ते यामुळे.

तेव्हा होळीच्या आधीच्या चार संध्याकाळी भाच्याने बिलबुक घेऊन बसावं. प्रत्येक नंबर ‘कूलर’ हा शब्द पुढे लावून सेव्ह करायचा, मग भाग किंवा गाव: ‘कूलर पैलाड’, ‘कूलर मारवड’. पुढे याचा उपयोग आहे. मग एकेकाला वेगळा निरोप पाठवायचा. सगळ्यांना एकदम एकच मजकूर ढकलू नका. लोक कंटाळून ब्लॉक करतात आणि तक्रारी वाढल्या तर व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंदही करू शकतं. निरोप साधा असावा: ‘नमस्कार ताई, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या कूलरचा पंप बदलला होता. यंदा चालू करण्याआधी काही अडलं तर सांगा. हा नंबर सेव्ह करून ठेवा.’ पंपाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. त्यावरून समोरच्याला कळतं की हा खरंच आपल्या घरी आलेला माणूस आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे फुकटचं अ‍ॅप वापरलं तर त्यात दुकानाची वेळ, कामांची यादी आणि ठरावीक उत्तरं आधी भरून ठेवता येतात. दिवसातून वीसदा ‘किती घेता?’चं उत्तर टाइप करणं वाचतं.

आता व्हिडिओ. दुकानदाराला धास्ती असते ती याची, की रोज नवीन सुचणार काय? सुचवायचं काहीच नाही. आठवड्यातून दोन कामं निवडायची आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट टिपायची. एका कामातून एक रील, दोन फोटो आणि तीन-चार दिवसांची स्टेटसं निघतात. आठवड्याला दोन रील म्हणजे महिन्याला आठ. एका तालुक्याच्या धंद्याला आठ पुरे. रोज रील टाकायचा संकल्प करणारी दुकानं मी दुसऱ्या आठवड्यात गप्प झालेली पाहिली आहेत.

काम नीट टिपणं म्हणजे काय, ते एका बिघाडावरून बघू. तक्रार अशी: पत्र्याचा मोठा कूलर, पंखा जोरात फिरतो, पाण्याचा आवाजही येतो, पण हवा गरम. हा खान्देशातला सर्वात जास्त येणारा फोन म्हणावा लागेल. कारण बहुतेक वेळा वरच्या नळीत असतं. पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते भोकं पाडलेल्या नळीतून किंवा पन्हळीतून तिन्ही जाळ्यांवर पडतं आणि गवत ओलं राहतं. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या गवतातून आत येताना पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून जाते, म्हणून हवा गार होते. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचून नळीची भोकं बुजतात. मग गवताचा एक पट्टा कोरडा राहतो आणि त्या पट्ट्यातून बाहेरची गरम हवा तशीच खोलीत येते. घरच्यांना वाटतं कूलरच गेला.

या कामात फोन पाच वेळा बाहेर काढायचा. हात लावण्याआधी एकदा: जाळी उघडून गवताचा कोरडा पट्टा. दुसऱ्यांदा नळीची बुजलेली भोकं, अगदी जवळून. तिसऱ्यांदा साफसफाई चालू असताना. चौथ्यांदा पाणी सारखं पडायला लागल्यावर. पाचव्यांदा, पहिल्या वेळी जिथे उभे होतो तिथूनच, पूर्ण ओलं गवत. प्रत्येक वेळी फोन उभा धरायचा, मनात पाच आकडे मोजायचे आणि तेवढा वेळ फोन हलवायचा नाही. फिरवत फिरवत केलेलं चित्रण नंतर कापता येत नाही. लेन्स आधी रुमालाने पुसायची, कारण मिस्त्रीच्या खिशातल्या फोनवर ग्रीस असतंच. उजेड फोन धरणाऱ्याच्या पाठीमागून यायला हवा. खिडकीसमोर तोंड करून शूटिंग केलं तर कूलर काळा ठिक्कर दिसतो.

सगळ्यात जास्त चुकतो तो पहिला शॉट. मिस्त्री सवयीने आधी स्क्रू काढतो, गवत ओढतो आणि मग आठवतं की व्हिडिओ घ्यायचा होता. आधीची अवस्था गेली की त्या कामाचा व्हिडिओ गेला. म्हणून शूटिंगची जबाबदारी भाच्याची, आणि त्याने ‘मामा, थांबा’ म्हटलं की मामाने खरंच थांबायचं, एवढा नियम दोघांनी पाळावा. शूटिंग फोनच्या साध्या कॅमेऱ्यातच करा, इन्स्टाग्राम उघडून त्यात नको. मूळ तुकडे फोनमध्ये राहिले की तेच स्टेटसला, फेसबुकला आणि गुगलच्या पानावर वापरता येतात.

या पाच तुकड्यांचा रील साधारण असा होतो. पहिले ३ सेकंद कोरड्या पट्ट्यावर बोट आणि आवाज: ‘कूलर चालू शे, पन हवा गरम यी राहिनी?’ पुढचे ७ सेकंद बुजलेली भोकं: ‘पाणी इथपर्यंतच येतंय. पुढच्या भोकांत क्षार बसलाय.’ मग ८ सेकंद साफसफाई: ‘प्लग काढलाय. आता बारीक तारेने भोकं मोकळी करतोय.’ ५ सेकंद ओलं गवत: ‘आता तिन्ही जाळ्या सारख्या भिजताहेत.’ शेवटचे ४ सेकंद: ‘अमळनेर आणि आसपासच्या गावांसाठी नंबर पडद्यावर दिलाय.’ एकूण २७ सेकंद. कापाकापी इन्स्टाग्रामच्याच एडिटरमध्ये होते, वेगळं अ‍ॅप लागत नाही. बोललेलं अक्षरांतही टाका, कारण दुकानात किंवा बसमध्ये बसलेला माणूस आवाज बंद ठेवून बघत असतो. अक्षरं पडद्याच्या मधल्या भागात ठेवा. तळाशी इन्स्टाग्रामचं स्वतःचं नाव-मजकूर येतो आणि उजवीकडे बटणं. तिथे लिहिलेला फोन नंबर त्यांच्याखाली दडतो. नंबर अशा जागी दडलेले पाहून हळहळायला होतं.

‘नमस्कार मित्रांनो, स्वागत आहे’ ही सुरुवात टाळा. ज्याचा कूलर गरम हवा फेकतोय, त्याला पहिल्या क्षणी स्वतःची तक्रार ऐकू आली पाहिजे. अहिराणीतून बोलावं का, हे मला बरेच जण विचारतात. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यात बोलावं, जरूर बोलावं. तिकडे भुसावळ-रावेरकडे घराघरांत लेवा बोली आहे, तिथल्या मिस्त्रीने ती बोलावी. फक्त विनोदी होण्याचा आव आणू नका. अहिराणी म्हणजे गमतीचे व्हिडिओ अशी सवय लोकांना लागलेली आहे, ते हसून पुढे सरकवतील. दर, वेळ आणि नंबर मात्र प्रमाण मराठीत लिहा, म्हणजे कुणाचा गोंधळ होत नाही.

मागे सिनेमाचं गाणं लावायचा मोह होतो. बिझनेस खात्याला इन्स्टाग्राम बरीच चालू गाणी देत नाही, कारण गाण्याचा परवाना धंद्याच्या वापरासाठी नसतो. वेगळ्या वाटेने लावलं तर व्हिडिओचा आवाज बंद केला जाऊ शकतो. आणि गरज काय? बेअरिंग गेलेल्या पंख्याची घरघर आणि नवीन टाकल्यावरची शांतता, यापेक्षा चांगला आवाज या धंद्याला मिळणार नाही.

आता महिना. पहिल्या आठवड्यात, होळीनंतर लगेच, अजून कुणाला घाई नसते. म्हणून या आठवड्यात तक्रारीचे व्हिडिओ चालणार नाहीत, तपासणीचे चालतील. ‘कूलर माळ्यावरून काढल्यावर पाणी भरण्याआधी या तीन गोष्टी बघा’: वायर उंदराने कुरतडलीय का, पंख्याचं पातं हाताने मोकळं फिरतं का, टाकीच्या तळाला गंज लागून भोक पडलंय का. हे तिन्ही प्लग न लावता बघता येतं. ज्याला यात काही सापडेल तो आत्ताच फोन करेल, आणि नेमका तोच फोन हवा आहे. दुकान मोकळं असल्यामुळे शूटिंगही याच आठवड्यात जास्तीत जास्त उरकायचं. दुकानात पडलेले जुने दोन कूलर उघडून गवत, पंप, बेअरिंग, नळी यांचे तुकडे टिपून ठेवा. चौथ्या आठवड्यात फोन हातात धरायला वेळ मिळणार नाही. तेव्हाची शिदोरी आत्ताच बांधायची.

स्टेटसचा खरा खेळ इथे सुरू होतो. मिस्त्रीचा बराच दिवस मोटारसायकलवर जातो. सकाळी पैलाड, मग धुळे रोड, मग मारवड, पुन्हा गावात, असं फिरलं तर पेट्रोल आणि वेळ दोन्ही वाया. म्हणून आदल्या संध्याकाळी स्टेटस टाकायचं: ‘शुक्रवारी मारवड बाजूला येतोय. कूलर तपासून घ्यायचा असेल तर आजच सांगा.’ सोबत मागच्या एखाद्या कामाचा फोटो. नंबरापुढे गावाचं नाव लिहून ठेवलेलं आहे, त्यामुळे मारवडच्या पाच-सात जणांना वेगळा निरोपही जातो. एकाच फेरीत तीन कामं झाली, तर जाहिरातीवर एक रुपया न घालता पेट्रोलचे पैसे वाचले. पातोंडा, मांडळ, प्रत्येक दिशेसाठी एक वार ठरवून टाका आणि महिनाभर तो बदलू नका. स्टेटस २४ तासांनी जातं, तेव्हा संध्याकाळी आठच्या सुमाराला टाकलेलं रात्रीही दिसतं आणि सकाळीही. दुपारी टाकलं तर फोन दुपारी येतात, तेव्हा मिस्त्री कुणाच्या तरी गच्चीवर असतो.

दुसरा आठवडा पाडव्यापर्यंतचा. लोक कूलर खाली काढतात, पुसतात आणि पहिल्यांदा चालू करतात. आता येणारा प्रश्न वासाचा: मागच्या वर्षीचं गवत तसंच ठेवलंय आणि त्याला कुबट वास येतो. इथे गवत की हनीकॉम्ब पॅड, हा व्हिडिओ करा, कारण हा प्रश्न गिऱ्हाईक दारातच विचारतं. खरं सांगा: गवत स्वस्त पडतं, पण बहुधा दर हंगामात बदलावं लागतं. पॅड महाग, पण नीट धुतलं तर जास्त टिकतं. जड पाण्यात मात्र त्याच्याही पापुद्र्यांत क्षार भरतो. ‘तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा, नुसती वरून भरत राहू नका.’ वाफ होताना फक्त पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतो, म्हणून वरून भरत राहिल्यास पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं. हे समजावून सांगणाऱ्या मिस्त्रीवर लोकांचा विश्वास बसतो. दुरुस्तीची कामं त्यामुळे कमी होतील, ही भीती मला खरी वाटत नाही. टाकी धुवायचा कंटाळा हा मिस्त्रीचा जुना भागीदार आहे.

दरही याच आठवड्यात लिहा. बरेच दुकानदार दर लपवतात आणि मग दिवसभर फक्त दर विचारणारे फोन घेत बसतात. घरी येऊन तपासायचे इतके, तिन्ही जाळ्यांचं गवत बदलायचे इतके, पंप बदलावा लागला तर पंपाची किंमत वेगळी, असं तीन ओळींत लिहिलेला फोटो करा आणि खाली महिना टाका. हंगामात गवताचा भाव वाढला तर जुना फोटो दाखवून गिऱ्हाईक भांडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ऊन खरं तापतं आणि ‘हवा गरम का येते’ हा रील बाहेर काढायची वेळ येते. तो पहिल्या आठवड्यातच तयार झालेला असतो, पण तेव्हा टाकला असता तर कुणी पाहिला नसता. त्याच्या जोडीला दुसरा रील, जो माझ्या मते सबंध महिन्यातला सर्वात उपयोगी: दारं-खिडक्या बंद करून कूलर लावू नका. एसीची सवय पाहून लोक कूलरच्या खोलीचीही फट न फट बंद करतात. कूलर दर मिनिटाला ओली हवा आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, दमट हवेत पाण्याची वाफ नीट होत नाही आणि अंगाला चिकटा येतो. कूलर बाहेरून हवा घेईल असा खिडकीत ठेवायचा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवायची. व्हिडिओत दार बंद असताना पडदा कसा थबकतो आणि दार उघडल्यावर कसा बाहेरच्या बाजूला उडतो, एवढं दाखवलं तरी पटतं. हा रील लोक एकमेकांना पाठवतात, कारण घरात यावरून वाद चालू असतो. पाठवला गेलेला रील गावातच फिरतो, आणि गावाबाहेरच्या हजार लोकांपेक्षा तोच कामाचा.

काय शिकवायचं नाही, हेही ठरवून ठेवा. कंडेन्सर बदलणं, वायंडिंग तपासणं, चालू कूलरमध्ये हात घालणं यांचे ‘घरीच करा’ व्हिडिओ टाकू नका. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी माणूस, यातून दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे शॉक लागून जीव जातात. एक स्टेटस मात्र दर आठवड्याला पुन्हा टाका: पाणी भरण्याआधी आणि गवताला हात लावण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या. ते काम तुम्हालाच मिळालं तर त्यात वाईट काही नाही.

चौथा आठवडा अवघड. फोन इतके येतात की नवीन कामं घ्यायला जागा नसते, आणि बहुतेक दुकानं नेमकी याच वेळी ‘आजच बोलवा’ म्हणून ओरडत असतात. इथे उलट करायचं. फोन मागणारे रील बंद, साठवलेले टाकी धुण्याचे, दार उघडं ठेवण्याचे व्हिडिओ स्टेटसवर पुन्हा. आणि रोज सकाळी एक ओळ: ‘आज-उद्याची कामं भरली आहेत. परवापासून नंबर लावतोय.’ वाट बघावी लागेल हे आधीच कळलं तर माणूस थांबतो, ‘येतो येतो’ म्हणून न आलेल्या मिस्त्रीला मात्र पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही.

या सगळ्याच्या जोडीला गुगल मॅपवरचं दुकानाचं पान. रील ओळखीच्या माणसाला आठवण करून देतो. पण गावात नव्याने बदली होऊन आलेला बँकेतला माणूस फोनवर cooler repair amalner असं टाइप करतो, त्याला रील सापडत नाही, मॅपवरचं पान सापडतं. हे पान फुकट बनतं, पडताळणीसाठी बऱ्याचदा दुकानाचा व्हिडिओ मागतात. घरोघरी जाऊन काम करणाऱ्याला पत्ता न दाखवता फक्त कुठल्या गावांत जातो एवढंच दाखवायची सोय आहे. दर आठवड्याला त्या दोन कामांचे आधी-नंतरचे फोटो तिथे चढवा. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला पानाची लिंक पाठवून दोन ओळी लिहायला सांगा, पण अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका. गुगलच्या नियमांत ते बसत नाही आणि असे अभिप्राय काढून टाकले जातात.

फोटो-व्हिडिओ दुसऱ्याच्या घरात घेतोय, हे विसरू नये. ‘ताई, फक्त कूलरचा व्हिडिओ घेतो, घर दिसणार नाही’ असं आधी विचारायचं, आणि खरंच दिसू द्यायचं नाही. भिंतीवरचे फोटो, मुलं, पाटी, अंगणातल्या गाडीचा नंबर, सगळं चौकटीबाहेर. नको म्हणाल्या तर फोन खिशात. छोट्या गावात एका घराची नाराजी चार गल्ल्या फिरते.

उपयोग होतोय का, हे कळायला बिलबुकात एक रकाना वाढवा: ‘कुठून कळलं’. प्रत्येक फोनला विचारायचं, ‘भाऊ, नंबर कुठे मिळाला?’ उत्तर लिहायचं: स्टेटस, रील, गुगल, शेजारी. समजा महिनाअखेर दिसलं की एक रील १४,००० वेळा पाहिला गेला आणि त्यातून एकच फोन आला, तर दुसरा ६०० वेळा पाहिला गेला आणि त्यातून पाच कामं आली. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यात पाहणारे कुठल्या शहरांतले होते हे दिसतं. तिथे पुणे, सुरत, नाशिक वर असतील तर पहिला रील लोकांना गंमत म्हणून आवडला, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वेळी पहिल्या तीन सेकंदांतच पडद्यावर ‘अमळनेर’ लिहा, पाहणारे कमी होतील आणि ते होऊ द्या. पाहणारे अमळनेरचेच आहेत पण पहिल्या काही सेकंदांत निघून जातात, असं दिसलं तर सुरुवात चुकली. ते शेवटपर्यंत पाहतात आणि तरी फोन नाही, तर नंबर कुठे दिसतो ते तपासा. फोन येतात पण दर ऐकून ठेवतात, तर दराचा फोटो वर चिकटवा. आणि फोन भरपूर, पण सगळे चौथ्याच आठवड्यातले, तर पहिल्या आठवड्याचं काम नीट झालं नाही. पुढच्या वर्षी बिलबुक घेऊन महाशिवरात्रीलाच बसा.

एक शूटिंग मे महिन्यात, आखाजीनंतरच्या एखाद्या उसंतीच्या दुपारी करून ठेवण्यासारखं आहे: पावसाळ्याआधी कूलर बंद कसा करायचा. टाकी रिकामी करून उन्हात कोरडी करणं, पंप काढून साध्या पाण्यात चालवून घेणं, ओलं गवत काढून टाकणं, वायर गुंडाळून उंदरांपासून उंच बांधणं. हा रील जूनच्या पहिल्या पावसाला टाकायचा. ज्यांना हे स्वतः करायचं नाही ते बोलावतील, आणि कूलरवाल्याला जूनमध्ये काम मिळेल.